लांबच्या विमानप्रवासासाठी बॅग निवडताना: कठीण कवच की कापडी, चाके आणि कुलूप यांविषयी आपले अनुभव

नौपाडेकर

माझे आईवडील पुढच्या महिन्यात मुंबईहून दोहामार्गे शिकागोला बहिणीकडे जाणार आहेत. तिकिटावर प्रत्येकी 23 किलोच्या दोन बॅगांची मुभा आहे. दुकानात गेलो की विक्रेता कठीण कवचाची बॅग पुढे करतो आणि घरातली वडीलधारी मंडळी कापडी बॅगच चांगली म्हणतात. ज्यांनी अशा लांबच्या प्रवासात बॅगा वापरल्या आहेत, त्यांनी काय टिकले, काय तुटले आणि नेमके कुठे तुटले, ते सविस्तर लिहावे, ही विनंती.

घोडबंदरकर

कठीण की कापडी हे ठरवण्याआधी मोजपट्टी घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन. बहुतेक कंपन्यांची मोठ्या बॅगेसाठीची मर्यादा लांबी, रुंदी आणि जाडी मिळून 158 सेंटीमीटर असते आणि त्यात चाके व मूठही धरली जातात. दुकानातल्या चिठ्ठीवर मात्र अनेकदा चाकांशिवायचे माप असते. आम्ही पाहिलेली एक ‘28 इंची’ बॅग चाकांसह 78 सेंटीमीटर उंच, 52 रुंद आणि 31 जाड भरली, म्हणजे बेरीज 161 झाली. दुसरी 75, 50 आणि 30 अशी होती. तिची बेरीज 155, म्हणून ती नियमात बसत होती, परंतु वाढवण्याची चेन उघडली की जाडी पाच सेंटीमीटरने वाढून तीही 160 वर जात होती. काउंटरवर वजन नेहमी होते आणि मोजपट्टी क्वचितच निघते, हे खरे. तरीही वयस्कर माणसांना तिथे वाद घालावा लागू नये, म्हणून मी दुसरी बॅग घेतली आणि ती चेन बंदच ठेवायला सांगितली.

स्टेशनजवळचा दुरुस्तीवाला

ठाणे स्टेशनजवळ माझे बॅगदुरुस्तीचे दुकान आहे, त्यामुळे परदेशातून आलेल्या बॅगा कशा अवस्थेत परततात, ते मी रोज पाहतो. माझ्या मते कठीण विरुद्ध कापडी हा प्रश्नच थोडा चुकीच्या जागी विचारला जातो, कारण कठीण बॅगांमध्येच दोन अगदी वेगळ्या जाती आहेत. स्वस्त बॅग बहुधा एबीएसची असते. ती हाताला टणक लागते, पण जोरात आपटली की वाकण्याऐवजी तडकते आणि थंडीत हा ठिसूळपणा आणखी वाढतो. पॉलीकार्बोनेट दाबले जाते आणि पुन्हा पूर्वपदावर येते. बॅग उभी करून झाकणाच्या मधोमध तळहाताने दाबून पाहावे. चांगले कवच आत जाऊन परत बाहेर येईल. वापरलेल्या बॅगेच्या कोपऱ्याशी पांढरट रेघ दिसत असेल, तर तिथे तडा जाण्याची सुरुवात झालेली असते. दोन्हींच्या मिश्रणाच्या बॅगाही नुसत्या ‘पॉलीकार्बोनेट’ नावाने विकल्या जातात, म्हणून प्रमाण विचारून घ्यावे.

तडकलेले कवच मी चिकटवून देतो, पण लांबच्या प्रवासाला त्याची हमी देत नाही. कापड फाटले तर आतून ठिगळ लावून शिवता येते, आणि अशी बॅग पुढे बरीच वर्षे चालते.

माझ्याकडे येणाऱ्या कामात सर्वांत जास्त काम मात्र चाकांचेच असते. चारही दिशांना फिरणारी चाके बॅगेच्या खाली बाहेर आलेली असतात. बॅग उंचावरून पट्ट्यावर पडली की सगळा मार त्या चाकाच्या दांड्यावर बसतो आणि दांडा तुटतो किंवा तिथले कवच फाटते. विकत घेण्याआधी बॅगेच्या आतल्या अस्तराची चेन उघडून पाहा. चाक स्क्रूने बसवलेले असेल, तर जोडीचे चाक मिळाल्यावर काम लवकर होते; रिबीट मारलेले असेल, तर ती कापून नव्याने भोके जुळवावी लागतात. तेवढ्या एका गोष्टीवर बॅगेचे आयुष्य बरेचसे ठरते.

वाशीची प्रवासिनी

मी दोन चाकांची कापडी बॅग वापरते आणि तिच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. तिची चाके अर्धी बॅगेच्या आत असल्याने त्यांना मार कमी लागतो, आणि आमच्या सेक्टरमधल्या उखडलेल्या पेव्हर ब्लॉकवर ती चार छोट्या चाकांपेक्षा कितीतरी सहज ओढली जाते. शिवाय कापडी बॅगेचे झाकण एका बाजूने उघडते. वजन जास्त भरले म्हणून काउंटरशेजारी सामान हलवावे लागले, तर बाहेरच्या कप्प्यातले दोन किलो काढून काम भागते. पुस्तकासारखी दोन भागांत उघडणारी कठीण बॅग तिथल्या गर्दीत जमिनीवर पसरावी लागते.

नौपाडेकर

आईचा उजवा खांदा दुखतो. दोन चाकांची बॅग तिरकी करून ओढताना तिला वजन पेलावे लागेल, त्याचे काय करावे?

वाशीची प्रवासिनी

तशा परिस्थितीत विमानतळाच्या गुळगुळीत फरशीवर चार चाकेच बरी, हे मी मान्य करते, कारण बॅग उभी ठेवून नुसती ढकलता येते. मात्र उतारावर आणि बसमध्ये ती आपोआप सरकते, तिथे हात सोडून चालत नाही.

ऐरोलीकर

अमेरिकेला जायचे असेल, तर टीएसए कुलूपच हवे, अन्यथा बॅग स्वीकारतच नाहीत. त्या कुलुपाची चावी फक्त तिथल्या तपासनिसांकडे असते, त्यामुळे सामान पूर्ण सुरक्षित राहते.

नेरूळकर

पहिल्या विधानाशी मी सहमत नाही. टीएसए कुलूप सक्तीचे नाही. ते नसेल आणि तपासणीसाठी बॅग उघडायची ठरली, तर कुलूप तोडले जाऊ शकते, एवढाच फरक आहे. अमेरिकेसाठी ते घ्यावे, हे मात्र बरोबर. दुसरे म्हणजे, 2014 मध्ये एका वृत्तपत्रात त्या मुख्य चाव्यांचे छायाचित्र छापून आले आणि पुढच्या वर्षी त्यावरून चाव्या बनवण्याचे आराखडे सर्वत्र पसरले. शिवाय चेन असलेली बॅग उघडायला कुलपाला हातही लावावा लागत नाही. बॉलपेनचे टोक दातांमध्ये खुपसले की चेन फाकते आणि सरक फिरवला की पुन्हा मिटते. म्हणून दागिने, औषधे आणि कागदपत्रे सोबतच्या छोट्या बॅगेत ठेवावीत. चेनऐवजी चौकटीला कड्या असलेली कठीण बॅग या बाबतीत नक्कीच सरस आहे, पण ती जड असते आणि 23 किलोंतून ते वजन जाते.

कळव्याची आजी

माझ्या हातातल्या सात किलोंच्या बॅगेला फोन चार्ज करायची बॅटरी बसवलेली आहे. ती काढावी लागेल का?

नौपाडेकर

आजी, इथे सामानात सोडायच्या मोठ्या बॅगांविषयी बोलणे चालू आहे. तरीही ती बॅटरी सुटी काढता येते का, ते जाण्याआधी पाहून घ्या. बॅग खाली सोडावी लागली, तर बॅटरी काढून स्वतःजवळ ठेवावी लागते.

नेरूळकर

चाकांबद्दल आणखी एक. सहारला उतरल्यावर माझ्या बॅगेचे एक चाक गायब होते. बाहेर पडण्याआधीच तिथल्या सामान-तक्रार काउंटरवर मी अर्ज भरून त्याची प्रत घेतली. मॉन्ट्रियल करारानुसार नुकसानीची लेखी तक्रार बॅग मिळाल्यापासून सात दिवसांत करावी लागते. कंपनीने आधी ही नेहमीची झीज असल्याचे सांगितले. निघताना काउंटरवर काढलेल्या फोटोत चारही चाके स्पष्ट दिसत होती, तो पाठवल्यावर दुरुस्तीचा खर्च मिळाला. प्रत्येकाला तो मिळेलच, असे मात्र मी म्हणणार नाही, कारण बॅगेतच दोष असेल, तर त्या करारात कंपनीला सूट आहे.

नौपाडेकर

आईसाठी स्क्रूने बसवलेल्या चार चाकांची पॉलीकार्बोनेट बॅग घ्यायची, एवढे आम्ही ठरवले आहे. बाबांच्या बॅगेबाबत घरात एकमत झालेले नाही. दुरुस्तीवाल्या काकांना एक विचारायचे होते: जोडीचे एक चाक आधीच घेऊन सोबत देता येईल का?

स्टेशनजवळचा दुरुस्तीवाला

बॅग घेतली की ती माझ्याकडे आणा. चाकाचा व्यास आणि भोकांमधले अंतर जुळले, तरच सुटे चाक उपयोगी पडते, आणि तेही लावायला तिकडे स्क्रूड्रायव्हर असणारे कोणीतरी हवे.