शेवटच्या डावात ओळ लावावी की वाट मोकळी ठेवावी?

रावपुऱ्याचा पटकरी: नवकंकरीत, म्हणजे तीन सोंगट्यांची ओळ लावून समोरच्याची एक उचलायच्या पटावरच्या खेळात, सोंगट्या कमी उरल्या की हातातली ओळसुद्धा लावू नये, असे माझे ठाम मत आहे. एकात एक तीन चौकोनांच्या या पटाच्या जागा मी वरून खाली, डावीकडून उजवीकडे 1 ते 24 अशा मोजतो. माझ्या पांढऱ्या 1, 3, 5, 22 वर होत्या, भावाच्या काळ्या 6, 8, 10, 15, 23 वर. मी 5 वरून 2 वर येऊन 1-2-3 ओळ लावली, मधली 8 वरची सोंगटी उचलली आणि पुढच्याच चालीत हरलो. ओळीचा मोह सोडा, हालचाल राखा. कोणाचे वेगळे मत असल्यास कारणासह लिहावे.

दांडिया बाजार जुना: कारणासह लिहितो, कारण अशी सरसकट सूत्रे वाचून मुले भित्रा खेळ शिकतात आणि त्यांची समजूत नंतर आपल्याला घालावी लागते. आपण 8 उचलल्यावर भावाने 6 वरची सोंगटी 5 वर आणली असणार. मग 1 ला वाट 10 ची, तेथे काळी. 2 ला वाट 5 ची, तेथे काळी. 3 ला वाट 15 ची, तेथेही काळी. आणि 22 च्या दोन्ही शेजारी, 10 व 23 वर, काळ्याच. चारास चार सोंगट्या, त्यात आपली ओळ बंद, आणि तरीही चाल नाही म्हणून हार. हे ओळ लावल्यामुळे झाले नाही, चुकीची सोंगटी उचलल्यामुळे झाले. आपण 6 उचलली असती, तरी 8 वरची 5 वर येऊन तोच शेवट झाला असता. त्या दोघी तोपर्यंत आपल्याला कोठेही अडवत नव्हत्या. अडवणाऱ्या 10, 15 आणि 23 होत्या.

10 वरची उचलली असती तर काय झाले असते, ते पाहावे. काळा 8 वरून 5 वर येईल, हरकत नाही. आपण 1 वरून 10 वर जाऊन ओळ उघडायची. आता 1 ही जागा रिकामी आहे, पण तिचे दोनच शेजारी, 2 आणि 10, आणि दोन्ही ठिकाणी आपण बसलेलो. काळ्याला तेथे शिरायला दारच नाही. पुढच्या चालीत 10 वरून 1 वर परत आलो की ओळ पुन्हा लागते, किंवा 2 वरून 1 वर आलो तर 1-10-22 ही उभी ओळ लागते. 15 उचलली तरी 3 व 15 यांच्यात हाच झोका मिळतो, मात्र 22 कोंडलेली राहते. 23 उचलली तर 22 ला श्वास घेता येतो, पण ओळ उघडत नाही. म्हणून 10.

सयाजीबाग सकाळ: मी मूळ धाग्यातील गृहस्थांच्या बाजूने थोडे बोलते. 2 चे तीन शेजारी 1, 3 आणि 5, तिन्ही पांढऱ्या. म्हणजे काळा 2 वर येऊच शकत नव्हता आणि ओळ कोठेही पळून जात नव्हती. मग घाई कशाला? एखादी तटस्थ चाल खेळून काळ्यालाच जागा सोडायला लावायची होती.

दांडिया बाजार जुना: ताई, तत्त्व बरोबर आहे, आणि हातात आणखी एक मोकळी सोंगटी असती तर मीही हेच केले असते. परंतु ती तटस्थ चाल दाखवावी. 22 आधीच कोंडलेली आहे. 1 किंवा 3 हलवली तर त्यांना 2 खेरीज जागा नाही आणि ओळ मोडते. 5 वरची 4 वर नेली तर काळा लगेच 5 वर बसतो. पटावर थांबण्याची सोय नव्हती, म्हणून ओळ लावणे हाच एकमेव मार्ग होता.

सयाजीबाग सकाळ: बरे, या पटावर आपले खरे. या पटावरच.

वाडीतला मामा: एवढी चर्चा चालली आहे, पण कोणी विचारले नाही की तीन उरल्यावर उडी, म्हणजे रेघ सोडून कोणत्याही रिकाम्या जागी जाणे, धरता की नाही. आमच्या वाड्यात उडी मुळीच नव्हती. ओट्यावर खडूने पट आखून आम्ही चिंचोके आणि कवड्या घेऊन बसायचो, आणि तीन उरलेल्याने रेघेवरूनच चालायचे. माझी आजी तर दोन ओळींच्या मध्ये एकच सोंगटी हलवून समोरच्याला शेवटपर्यंत सोलत असे. हल्ली मोबाईलवर उडी घुसवून खेळाचा सत्यानाश केला आहे.

दांडिया बाजार जुना: मामा, उडी मोबाईलने आणलेली नाही. झुरिकच्या राल्फ गॅसर यांनी 1993 साली संगणकावर हा खेळ संपूर्ण सोडवला आणि दोघेही अचूक खेळले तर बरोबरी, असा निकाल काढला. तोही उडी धरूनच.

वाडीतला मामा: झुरिकच्या माणसाने माझ्या आजीशी खेळून दाखवावे.

रावपुऱ्याचा पटकरी: आजींना मध्ये आणू नये, ही विनंती. उडीचा नियम आमच्याकडे आहे, आणि म्हणूनच माझे मत कायम आहे. समजा मी आपल्या म्हणण्याप्रमाणे 10 उचलली आणि पुढे ओळ पुन्हा लावली. काळ्याच्या तीन राहिल्या, म्हणजे तो उडू लागला. माझ्या झोक्याचे काय?

दांडिया बाजार जुना: हा प्रश्न आधी विचारला असता तर मी इतक्या कडक शब्दांत लिहिले नसते. होय, झोका काळ्याच्या चार सोंगट्या असेपर्यंतच अभेद्य आहे. तीन उरल्या की आपण ओळ उघडताच तो रिकाम्या जागी येऊन बसेल. उडणाऱ्याला हरवायला एकाच वेळी दोन वेगवेगळ्या जागी धोका लागतो, कारण एका चालीत तो एकच भोक बुजवू शकतो. तो तीनवर येताना कोणती उचलायची, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. दरम्यान त्याने 6 वरची 14 वर नेली असेल, तर त्याच्या 14 आणि 15 शेजारी झाल्या. अशा वेळी आपण 5 किंवा 23 उचलली, तर उरलेली तिसरी उडून 13 वर येईल, 13-14-15 ओळ लावेल आणि आपली ओळीबाहेरची एकुलती 22 उचलेल. म्हणून तेथे 14 किंवा 15 यांपैकीच एक उचलली पाहिजे.

सयाजीबाग सकाळ: म्हणजे दुसऱ्यांदा ओळ लावण्यापूर्वी तरी थांबावेच लागेल! काळा चारवर असताना 1 ची जागा सुरक्षित आहे, हे आपणच सांगितले. मग त्याला उडी बहाल करण्यापूर्वी 22 वरची फिरवून दुसरा धोका उभा करावा.

दांडिया बाजार जुना: चार सोंगट्यांत तीन झोक्यात अडकल्या असताना एकट्या 22 ने दुसऱ्या जागी धोका कसा उभा राहील, ते मला दिसत नाही. 1-10-22 ही ओळ आहे, पण तिचीही रिकामी जागा 1 हीच. दुसरीकडे, थांबत राहिलो तर काळाही मोकळ्या चाली खेळत 13-14-15 किंवा आणखी काही जमवेल.

सयाजीबाग सकाळ: दिसत नाही म्हणजे नाही, असे होत नाही. मी रात्री पट मांडून पाहते.

रावपुऱ्याचा पटकरी: थोडक्यात, पहिली ओळ लावायची आणि पहारेकरी उचलायचा, एवढे मी मान्य करतो. दुसरीबद्दल आपणा दोघांचेच एकमत नाही, तेव्हा माझ्या मताला भित्रा खेळ म्हणणे मागे घ्यावे.

दांडिया बाजार जुना: दुसऱ्या ओळीपुरते मागे घेतो. 8 उचलण्याबाबत नाही.

वाडीतला मामा: उडी नसती तर हा प्रश्नच उरला नसता, हे कोणीच का लिहीत नाही?