एकच कारखाना, कमी मजुरी

> माणसं हवीत तर मजुरी वाढवावीच लागते. मग गावात एकच कारखाना असला की मजुरी कमी कशी राहते?

कारण वाढीव मजुरी फक्त नव्या माणसाला देऊन भागत नाही, जुन्यांनाही द्यावी लागते. समजा L कामगार मिळायला रोज w = 200 + 2L रुपये मोजावे लागतात आणि शेवटच्या कामगाराकडून 800 − 2L रुपयांचं उत्पन्न येतं.

आत्ता 100 जण 400 रुपयांवर आहेत. 101वा 402 मागतो, शिवाय आधीच्या 100 जणांचे दोन-दोन रुपये वाढतात. म्हणजे तो पडतो 602 रुपयांना आणि कमावून देतो 598. मालक 100 वरच थांबणार. बरेच कारखाने असते तर 200 + 2L = 800 − 2L, म्हणजे 150 जण, 500 रुपये.

गंमत पुढे आहे. किमान वेतन 500 ठरवलं, तर नवा माणूस घेतल्याने जुन्यांची मजुरी चढत नाही, म्हणून रोजगार उलट 150 होतो. 600 च्या वर नेलं, की मात्र तो 100 च्याही खाली घसरतो. हे सगळं सर्वांना एकच दर असेल तरच. प्रत्येकाशी वेगळा सौदा करता आला, तर मालक एकटा असूनही 150 जण घेईल.