साक्षीदारांना भेटायचं नाही, मग बचाव करायचा कसा?

उंबरठा
मेहुणा राज्य सरकारच्या एका कार्यालयात भांडारपाल आहे. मागच्या महिन्यात निलंबन झालं. आदेशात कारण एका ओळीत: साठा नोंदवहीतील तफावतीबाबत विभागीय चौकशी प्रस्तावित. खाली अटी. मुख्यालय सोडायचं नाही, कार्यालयात पाऊल ठेवायचं नाही, साक्षीदारांशी संपर्क नाही. साक्षीदार कोण, ते कुठेच नाही! आईला उपचारासाठी बाहेरगावी नेलं तर भत्ता बंद होईल, असं आस्थापना शाखेतून तोंडी सांगितलं. दोष ठरायच्या आधीच ही शिक्षा नाही का?

तिरकी रेघ
नाही. मी लेखापरीक्षणात होते. एका प्रकरणात निलंबित लिपिक रोज कार्यालयाच्या फाटकासमोर चहा घेत बसायचा. कुणाला धमकी नाही, काही नाही, नुसता बसायचा. आधी 'सही माझ्यासमोर झाली' म्हणणारा शिपाई चौकशीत 'आता आठवत नाही' म्हणाला. ही अट उगाच घालत नाहीत.

लवादप्रेमी
एवढं घाबरायचं कारण नाही. २०१५ मध्ये अजयकुमार चौधरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की तीन महिन्यांनी निलंबन आपोआप संपतं. नव्वद दिवस मोजा आणि सरळ कामावर हजर व्हा.

जुनी बारनिशी
लवादप्रेमी, कृपा करून कुणाला असा सल्ला देऊ नका. तीन महिन्यांत दोषारोपपत्र दिलं नाही तर निलंबन पुढे चालू ठेवू नये, आणि दिलं असेल तर मुदतवाढीला कारणांसह आदेश हवा, असा तो निकाल आहे. राज्याचा ९ जुलै २०१९ चा शासन निर्णयही त्यावरूनच निघाला. पण निलंबन संपल्याचा आदेश हातात नसताना मस्टरवर सही करायला गेलात तर अटी मोडल्याचा नवा ठपका येईल.

आता साक्षीदारांचं. त्याच निकालात म्हटलंय की संपर्कावर आणि कागदपत्रं हाताळण्यावर बंदी घालता येईल, पण बचावाची तयारी करायची वेळ येईपर्यंत. हे पुढचं वाक्य सगळे विसरतात. दोषारोपपत्राबरोबर साक्षीदारांची आणि कागदपत्रांची यादी येते. त्यानंतर मूळ नोंदवही पाहायला लेखी मागावी, बचाव सहायक नेमावा आणि आपले साक्षीदार चौकशी अधिकाऱ्याला कळवावेत. तोपर्यंत गप्प बसलेलं बरं. कारण एका ओळीत आहे म्हणून आदेश रद्द होत नाही, तपशील दोषारोपपत्रात यायचा असतो.

चाकरमानी ४२
आम्हाला तर पहिले नव्वद दिवस निम्मा आणि नंतर थेट ७५ टक्के मिळाला. मागावंही लागलं नाही. तुम्हालाही मिळेल.

जुनी बारनिशी
तुमचं कारखान्याचं स्थायी आदेशांचं प्रकरण दिसतंय, इथे तसं नाही. समजा मूळ वेतन ४०,००० आहे. निर्वाह भत्ता अर्धवेतनी रजेइतका, म्हणजे २०,००० आणि त्यावरचा महागाई भत्ता. तीन महिन्यांनंतर त्या वीस हजारांत निम्म्यापर्यंत वाढ होऊ शकते, म्हणजे जास्तीत जास्त ३०,०००. पण चौकशी ज्याच्यामुळे रखडली असं ठरतं त्याचा भत्ता १०,००० पर्यंत खालीही येतो. वाढीला वेगळा आदेश लागतो आणि तो आपण अर्ज केल्याशिवाय क्वचितच निघतो. मी स्वतः अशा फायली सहा-सहा महिने पडलेल्या पाहिल्यात.

बाहेरगावी गेला म्हणून भत्ता बंद करता येत नाही. भत्त्याची अट एकच, दुसरी नोकरी किंवा धंदा करत नसल्याचं प्रमाणपत्र. ते दर महिन्याला द्यावं आणि पोच घ्यावी. परवानगीशिवाय मुख्यालय सोडलं तर तो वेगळा दोषारोप होऊ शकतो, हे मात्र खरं.

आईसाठी रजेचा अर्ज करू नका. निलंबनात रजा नसते. 'मुख्यालय सोडण्याची परवानगी' असा विषय लिहा, तारखा आणि तिथला पत्ता द्या, सोबत डॉक्टरांचा कागद जोडा. आस्थापनावाले तोंडी जे सांगतात तेही लेखी मागा. बहुतेक वेळा मग ते देतच नाहीत.

तिरकी रेघ
भत्ता रोखून माणसाला जेरीस आणणं चूकच. पैसे नसल्यामुळे चौकशीला जाता आलं नाही म्हणून १९९९ मध्ये पॉल अँथनी प्रकरणात एकतर्फी चौकशीच टिकली नाही. पण संपर्कबंदीवर मी ठाम आहे. यादी आली तरी सरकारी साक्षीदाराच्या घरी जायचं कशाला? त्याला उलटतपासणीत विचारा.

लवादप्रेमी
उलटतपासणीत काय विचारायचं हे तरी आधी कळायला नको?

उंबरठा
अर्ज आजच टाकतो. अडचण वेगळीच आहे. नोंदवहीत दुसरी सही ज्याची आहे तो आमच्या जिन्यासमोरच राहतो. मेहुणा सध्या आमच्याकडेच आहे. काल त्यानेच दार वाजवून आईची चौकशी केली. मेहुणा आतल्या खोलीत गेला आणि मी सांगितलं, झोपलाय.

तिरकी रेघ
तो स्वतः आला होता हे तारीख-वेळेसह लिहून ठेवा.

जुनी बारनिशी
लिहून ठेवा, पण कुणाला पाठवू नका. तो उद्या कुणाच्या बाजूने उभा राहील हे आज त्यालाही माहीत नसेल.