शब्दचर्चा: 'बाइतो', 'आल्बा' आणि 'दिसुरु'

रेवती: जपानी दोन वर्षं शिकतेय, कोरियन नुकतंच सुरू केलंय. दोन शंका आहेत. अर्धवेळ कामाला जपानी मुलं 'बाइतो' म्हणतात आणि कोरियन मुलं 'आल्बा'. दोन्ही शब्द जर्मन 'आर्बाइट'चेच तुकडे आहेत असं वाचलं. मग दोघांत एक 'बा' सोडला तर काहीच कसं जुळत नाही? दुसरी शंका 'दिसुरु'ची, म्हणजे एखाद्याला नावं ठेवणं. त्याचा भूतकाळ मी 'दिशिता' लिहिला आणि तो चुकीचा निघाला.

निखिल: पहिलं सोपं आहे. जपानी प्रत्येक शब्दाची पहिली दोन अक्षरं उचलते, कोरियन पहिलं एकच. पर्सनल कॉम्प्युटरचा 'पासोकोन', तर कोरियनमध्ये चिकन आणि मेक्जु (बिअर) मिळून 'चिमेक'. आपलं महाराष्ट्र साहित्य परिषदेचं 'मसाप' झालं, तसंच.

देशमुख काका: बाइतो म्हणजे कॉम्प्युटरचा बाइट ना? आठ बिटांचा? त्याचा अर्धवेळ कामाशी काय संबंध?

अनघा: काका, तो बाइटही जपानीत अगदी तसाच लिहितात. पण रेवती विचारतेय तो वेगळा. संदर्भानेच ओळखायचा.

निखिल, 'मसाप'चं उदाहरण कोरियनला चपखल बसतं. जपानीत मात्र अक्षरं नाही, मात्रा मोजायच्या, आपण वृत्तात मोजतो तशा. दीर्घ स्वराच्या दोन मात्रा आणि शेवटच्या 'न्'ची स्वतंत्र एक. 'पर्सनल' जपानीत पा-आ-सो-ना-रु असा होतो. तुझ्या नियमाने 'पाआ' उचललं गेलं असतं. प्रत्यक्षात लांबवलेला स्वर गाळून 'पासो' घेतलं आणि त्याला 'को-न्' जोडलं. दोन अधिक दोन, चार मात्रा. हा साचा फार आवडता आहे, पण सक्तीचा नाही. स्मार्टफोनचा 'सुमाहो' तीनच मात्रांचा आहे.

शिवाय हा साचा दोन शब्द जोडताना चालतो. 'आर्बाइट' एकच शब्द, जपानीत तो अ-रु-बा-इ-तो असा पाच मात्रांचा होतो. त्याचं डोकं उडवून शेपूट ठेवलं: बा-इ-तो. शेपूटच का, याचं मला पटेल असं उत्तर अजून मिळालेलं नाही. जपानीत बहुतेक वेळा डोकंच ठेवतात.

शर्वरी: कोरियनची बाजू मी सांगते. हा शब्द तिकडे जपानीमार्गे पोचला, पण अख्खा. त्याची छाटणी कोरियन लोकांनी आपल्या पद्धतीने केली. कोरियन लिपीत एका उच्चाराची अक्षरं एकाच ठोकळ्यात रचतात. इथे पाच ठोकळे: आ-रु-बा-इ-थु. यातल्या 'रु' आणि 'थु'चा उकार ओठ गोल न करता म्हणायचा. तो इतका हलका असतो की पटकन गळतो. तो गळला की 'र' एकटा उरतो आणि आधीच्या 'आ'च्या ठोकळ्यात तळाशी जाऊन बसतो. कोरियनमध्ये र आणि ल यांना एकच अक्षर आहे, आणि ठोकळ्याच्या तळाशी त्याचा उच्चार 'ल्' होतो. म्हणून 'आर' नाही, 'आल्'. पुढे 'बा' ठेवला आणि बाकीचं सोडून दिलं.

ही तळाशी कोंबण्याची युक्ती एकदा लक्षात आली की बरेच शब्द उलगडतात. 'जेमि' म्हणजे मजा. 'मि'चा इकार उडाला, 'म' आधीच्या ठोकळ्याच्या तळाशी गेला, 'जेम्' झालं. त्याला इंग्रजी 'नो' लावला की 'नोजेम्', म्हणजे कंटाळवाणं. 'क्कुल' म्हणजे मध. 'क्कुलजेम्' म्हणजे मस्त मजा. शब्दकोशात नुसतं 'जेम्' शोधलं तर फळांचा जॅम सापडतो आणि 'मधाचा जॅम' असलं भाषांतर होऊन बसतं.

निखिल: म्हणजे कोरियनमध्ये 'पहिलं अक्षर' हा नियमही अर्धाच.

शर्वरी: 'चिमेक'ला तो पुरतो. 'आल्बा'ला नाही.

देशमुख काका: आमच्याकडे नातवंडं 'गुगलून बघा' म्हणतात. मला ते खटकायचं. जपानी-कोरियन मुलंही असंच करतात का?

अनघा: अगदी असंच करतात, काका, आणि रेवतीची दुसरी शंका तिथेच सुटते. मराठीत 'णे' लागतो, तसा जपानीत 'रु'. गूगल जपानीत 'गूगुरु' होतो. शेवटी 'रु' आयताच मिळाला, दीर्घ ऊ आखडला आणि 'गुगुरु' हे क्रियापद तयार झालं. रूपं: गुगुत्ता (शोधलं), गुगुरानाइ (शोधत नाही), गुगुत्ते (शोधून).

रेवती, 'दिसुरु'त तुला 'दि' अधिक 'सुरु' दिसलं. 'सुरु' म्हणजे करणे, त्याचा भूतकाळ 'शिता', म्हणून तू 'दिशिता' केलंस. पण तोडायचं आहे 'दिसु' अधिक 'रु' असं. 'दिसु' हा डिसरिस्पेक्टचा तुकडा. म्हणून भूतकाळ 'दिसुत्ता', नकार 'दिसुरानाइ'.

हे डोळ्यांनीही ओळखता येतं. परक्या शब्दाचा तुकडा सहसा काताकानात लिहितात आणि प्रत्यय हिरागानात. लिपी कुठे बदलते ते बघ. हिरागानात फक्त 'रु' असेल तर 'त्ता'वाली रूपं, अख्खं 'सुरु' असेल तर 'शिता'. 'दिसुरु'त 'सु' काताकानात असतो. रोमन लिपीतून शिकणाऱ्यांना ही खूण दिसतच नाही, म्हणून ही चूक त्यांच्याकडून हमखास होते.

रेवती: मग 'कोपिरु' (कॉपी करणे)? 'रु'च्या आधी इ आहे. 'मिरु'चं 'मिता' होतं, तसं 'कोपिता'?

अनघा: नाही, 'कोपित्ता'. जुन्या क्रियापदांत 'रु'आधी इ किंवा ए आला की 'ता' की 'त्ता' यावर थबकावं लागतं. या नव्या घडवलेल्या क्रियापदांत तो प्रश्नच नाही, सगळी एकाच गटात जातात: बाझुरु, साबोरु, कोपिरु. 'साबोरु' तर सॅबोटाजवरून आलेला जुना शब्द आहे, तास बुडवणे या अर्थी, आणि तोही 'साबोत्ता'च होतो.

शर्वरी: कोरियनमध्ये असा थेट प्रत्यय चिकटत नाही. तिथे 'हादा', म्हणजे करणे, लावतात. इंग्रजी 'गूगलिंग' अख्खं घेऊन 'गुगुलिंग-हादा'. काम करणे ते 'आल्बा-हादा'. विशेषणालाही हाच लागतो: हिप या इंग्रजी शब्दाचं 'हिप-हादा', पण उच्चार 'हिफादा', कारण प आणि ह एकत्र येऊन फ होतो. कानाने ऐकून शोधायला गेलीस तर सापडणार नाही.

अनघा: जपानीत विशेषणाला 'इ' लागतो. इमोशनलवरून 'एमोइ', भूतकाळ 'एमोकात्ता'. सान्सेइदो हे कोशप्रकाशक दरवर्षी नवे शब्द निवडतात, त्यात २०१६ साली तो दुसरा आला होता.

निखिल: 'एमोइ' आता जुना झालाय, वापरू नये.

अनघा: तसं मला वाटत नाही. इंग्रजी 'नाऊ'वरून आलेला 'नाउइ' खरंच शिळा झाला, तो आज जुन्या काळचा शब्द म्हणूनच ओळखला जातो. 'एमोइ' अजून बोलतात. मात्र मुलाखतीत किंवा अर्जात यातलं काही नको. तिथे 'बाइतो'सुद्धा नाही, पूर्ण 'अरुबाइतो' लिहायचं.

रेवती: मिस्टेकवाल्या 'मिसुरु'चं काय? 'मिसुत्ता' की 'मिसु शिता'?

अनघा: दोन्ही बरोबर. 'मिसु' हे नामही आहे, त्यामुळे 'मिसु सुरु' असंही म्हणतात. 'मिशिता' तेवढं लिहू नकोस.