'शोधणे' की 'ओळखणे'? किमान अंतर ३ चा घोळ

गंगापूररोडचे_मास्तर: डिप्लोमाच्या पोरांसाठी, पाठवलेल्या बिटांतल्या चुका पकडणाऱ्या कोडवर मराठीत नोट्स काढतोय आणि एका वाक्यावर अडलोय. "किमान अंतर ३ असेल तर दोन चुका शोधता येतात, एक दुरुस्त करता येते." वर्गात एक पोरगा म्हणाला, सर, दोन चुका शोधल्या म्हणजे कुठले दोन बिट उलटले ते कळलं. मग ते परत उलटवले की झालं, एकच का दुरुस्त होते? मराठी म्हणून त्याचं बरोबरच आहे. चष्मा शोधला म्हणतो तेव्हा तो सापडलेला असतो. 'ओळखता येतात' लिहू का?

देवळालीची_ताई: 'ओळखणे' तर आणखी वाईट! चोर ओळखला म्हणजे कोण ते कळलं. इथे घरात कुणीतरी शिरलंय, एवढाच सुगावा आहे ना? मग 'चूक झाल्याचा सुगावा लागतो' लिहा. बाकी 'शोध' हा शुध् धातूचा, शोधन म्हणजे शुद्ध करणं. तुमच्या वाक्यात दोन्ही बाजूंना दुरुस्तीच बसलीय.

सीबीएस_ते_बिटको: हे अंतर मोजायचं कशात? रिक्षावाल्यांना सांगू नका, किमान भाडं लावतील.

जुना_टेलिकॉमवाला: दोन कोडशब्द एकाखाली एक लिहायचे आणि किती जागी वेगळे आहेत ते मोजायचं, तेच अंतर. अशा सगळ्या जोड्यांतलं सर्वांत कमी ते किमान अंतर. एक जोडी जवळ आली की अख्ख्या कोडची पत तेवढीच. मास्तर, पोरांना हे चार शब्द द्या:

```
00000
01011
10101
11110
```

कुठलीही जोडी घ्या, तीन किंवा चार जागी फरक निघेल. म्हणजे किमान ३. आता 00000 पाठवला आणि वाटेत दोन बिट उलटून 11000 आला. यादीत नाही, म्हणून गडबड कळली. पण तो 00000 पासून दोन पावलांवर आणि 11110 पासूनही दोनच. मूळ कुठला, कसं सांगणार? चूक आहे हे कळतं, कुठे आहे ते नाही.

सातपूर_सेकंड_शिफ्ट: आमच्या जुन्या सीएनसीला प्रोग्रॅम केबलनेच जातो, सात बिट आणि तपासणीपुरता एक पॅरिटी बिट. तिथे अंतर २, म्हणून एक बिट उलटला तर अलार्म येतो, दोन उलटले तर मुकाट्याने आत जातात. मग जॉब खराब झाल्यावर कळतं. तुमचं अंतर ३ म्हणजे मजाच: एक चूक आली तर आपोआप दुरुस्त, दोन आल्या तर अलार्म.

जुना_टेलिकॉमवाला: नाही, इथेच सगळे फसतात. ३ मध्ये दोन्ही एकदम मिळत नाही. वरच्याच यादीत 00000 चे दोन बिट उलटून 01010 आला असं धरा. दुरुस्ती चालू ठेवली तर यंत्र जवळचा शब्द बघणार. 01011 एका पावलावर, 00000 दोन. ते आनंदाने 01011 करून देईल, अलार्म वाजणारच नाही. आधी निदान खराब माल दिसत तरी होता, आता चुकीचाच माल पास झाला. म्हणून आधी ठरवायचं: नुसती बोंब मारायची तर दोनपर्यंत चुका, दुरुस्त करायची तर एकच.

तुम्ही म्हणता ते हवं असेल तर अंतर ४ लागतं. हॅमिंगचा १९५० चा सात बिटांचा कोड ३ चा आहे, त्याला आठवा पॅरिटी बिट जोडला की ४ होतो. सर्व्हरच्या मेमरीत ६४ बिटांमागे ८ जादा असतात ते त्याचसाठी. तिथेही तीन बिट उलटले तर खात्री नाही.

गंगापूररोडचे_मास्तर: म्हणजे माझ्या वाक्यातला खरा खोडा 'शोधणे' नाही, मधला स्वल्पविराम! तिथे 'किंवा' हवं.

देवळालीची_ताई: 'किंवा' घाला, पण 'शोधता' काढाच. आणि 'चुका' कसल्या? बिटाने काय चूक केली? 'दोष' म्हणा.

सातपूर_सेकंड_शिफ्ट: दोष म्हटलं की आमच्याकडे क्वालिटीवाला धावत येतो. सरळ 'डिटेक्ट' लिहा, पोरांना इंटरव्ह्यूत तेच विचारणारेत.

देवळालीची_ताई: मग मराठी नोट्स काढताच कशाला?

सीबीएस_ते_बिटको: ताई, 'बिट'ला काय म्हणायचं ते आधी सांगा.

देवळालीची_ताई: द्विमान अंक.

जुना_टेलिकॉमवाला: चाळीस वर्षं लाइनवर काढली, हा शब्द एकाच्या तोंडून ऐकला नाही. 'सुगावा' मात्र आवडला.