रोज ठरावीक वेळी वायफाय जातं, मदत हवी आहे

वैदेही_के: सकाळी साडेआठ आणि रात्री नऊच्या सुमारास वायफाय जातं म्हणजे जातंच. साडेआठला माझी मीटिंग असते, आवाज तुटत तुटत येतो आणि मग मी बाहेर. राउटर बदलू का? लवकर सांगा.

तारमास्तर: वायफाय जातं की नेट जातं? राउटर कुठे ठेवलाय? मीटिंगच्या वेळी हे चालू ठेवा:

```
ping -t 192.168.1.1
```

हा राउटरचाच पत्ता आहे (तुमचा वेगळा असेल तर तो टाका). इथेच अडकलं तर दोष घरातला, कंपनीचा नाही.

निखिल_सातारा: प्लॅन वाढवा. १०० घेतल्यापासून आमच्याकडे काही त्रास नाही.

वैदेही_के: प्लॅन नाही विचारला हो. राउटर स्वयंपाकघरात, फ्रिजवर. एरवी ३ दाखवतं, आज ८:३४ ला ९०० वर गेलं, मग चार वेळा Request timed out.

तारमास्तर: शेजारी मायक्रोवेव्ह आहे का?

वैदेही_के: हो, आहेच की. सासूबाई तेव्हा दूध गरम करतात, रात्री भाजी.

तारमास्तर: मग तोच. तो २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो आणि दारातून थोडंसं झिरपतं. माणसाला त्याचा धोका नाही, पण वायफाय त्याच पट्ट्यात बोलतं. खात्री करायची तर कपभर पाणी ठेवून दोन मिनिटं लावा आणि पिंग बघा. रिकामा लावू नका.

सुलभाताई: आमच्याकडे मिक्सर लावला की असंच व्हायचं. चटणी वाटायला घेतली की नेट गायब.

तारमास्तर: ताई, राउटरचे सगळे दिवे विझून परत लागायचे का? तसं असेल तर व्होल्टेज पडत असणार, ते दुखणं वेगळं. वैदेही, चॅनल कितीवर आहे?

निखिल_सातारा: चॅनल ३ वर टाका, तिथे कुणीच नसतं.

तारमास्तर: नका टाकू. ३ वर गेलात की १ आणि ६ या दोन्हींवाल्यांचा गोंगाट तुमच्या अंगावर. १, ६ किंवा ११, एवढेच एकमेकांत शिरत नाहीत. रुंदीही २० ठेवा, ४० नको.

निखिल_सातारा: माझं ३ वर दोन वर्षं चाललंय.

तारमास्तर: तुमचा बंगला आहे, त्यांची सोसायटी.

वैदेही_के: पाणी ठेवून बघितलं. मशीन सुरू झालं की पिंग उडतं, टिंग वाजलं की परत ३. चॅनल ११ होता, तो १ केला, राउटर हॉलमध्ये आणला. आज सकाळची मीटिंग पूर्ण झाली! रात्री मात्र नऊला अजून अडकतंय, मायक्रोवेव्ह बंद असतानाही. ॲपमध्ये १ वर शेजारची सहा नावं दिसतात.

तारमास्तर: नऊला सगळ्यांचे टीव्ही लागतात. लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर जोडा.

वैदेही_के: जोडला, पण बेडरूममध्ये एकच काडी येते. मध्ये दोन भिंती आहेत.

सुलभाताई: दिवे विझतात हो आमच्याकडे, आत्ता बघितलं. आता काय करू?