‘राहू दे’ म्हणजे असू दे की थांब?

कोल्हापूरहून इंदुरात

प्रश्न शब्दाचा आहे, पण घरातला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी कोल्हापूरचा, नोकरीमुळे दोन वर्षं इंदुरात. चार महिन्यांपूर्वी लग्न झालं. बायको इथलीच, लोकमान्यनगरात वाढलेली, घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी. स्थळ बघून ठरलेलं लग्न, त्यामुळे एकमेकांची ओळख अजून चालूच आहे. जवळ येण्याची घाई करायची नाही, हे आम्ही आधीच बोललो होतो.

मागच्या आठवड्यात रात्री जेवण झाल्यावर सोफ्यावर बसलो होतो. मी तिच्या कमरेवर हात ठेवला. ती म्हणाली, "राहू दे." मी हात राहू दिला. मला वाटलं, तिला बरं वाटतंय. ती हलली नाही, काही बोललीही नाही. थोड्या वेळानं पाणी प्यायला म्हणून उठली ती परत आलीच नाही. दोन दिवस कामापुरतं बोलणं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मी राहू दे म्हटलं होतं ना? तरी तू हात काढला नाहीस."

मी खरंच उलटं समजलो होतो. हे तिला सांगितलं, तिनं मानलंही, पण त्या रात्री तिला कसं वाटलं असेल हे मनातून जात नाही. इथल्या मराठीत ‘राहू दे’चा अर्थ नेमका काय? आणि तिला सहज म्हणता येईल, मला चुकूनही उलटा कळणार नाही, असा शब्द कोणता?

रामबागेतला

मी सत्तरीचा, जन्म इथलाच. आमच्या ‘राहू दे’वर हिंदीतल्या ‘रहने दो’ची दाट सावली आहे. "चहा टाकू?" "राहू दे." म्हणजे टाकू नकोस. एवढं तुमच्याकडेही चालतं. फरक पुढे आहे. काम अजून व्हायचं असेल तर तुमच्याकडेही ‘राहू दे’ म्हणजे करू नकोस. पण वस्तू आधीच ठेवलेली असली, तर तुमच्याकडे त्याचा अर्थ ‘आहे तिथं असू दे’ असा होतो. आम्ही मात्र दोन्ही वेळेला ‘सोड’ याच अर्थानं म्हणतो. तुमचा हात आधीच ठेवलेला होता. तिनं तिच्या मराठीत सोड म्हटलं, तुम्ही तुमच्या मराठीत असू दे ऐकलंत.

तेव्हा सूनबाईंना सरळ ‘नको’ म्हणायला सांगा. ‘नको’ला दुसरा अर्थच नाही.

बडोदेकर

आमच्याकडे गुजरातीतलं ‘रहेवा दे’ येतं, तेही ‘सोड’कडेच झुकतं. सासूबाई ‘राहू दे’ म्हणाल्या की मी हातातलं लाटणं खाली ठेवते. माहेरी नागपूरला त्याचा अर्थ प्रत्येक वेळी कळून घ्यावा लागायचा.

छत्रीबागेची सून

काका, ‘नको’ला दुसरा अर्थ नाही हे खरं, पण त्याला वजनही उरलेलं नाही. पंगतीत जिलबी वाढणाऱ्याला आपण किती वेळा नको म्हणतो? पहिला नको शिष्टाचाराचा, दुसऱ्याला वाढणारा हसतो, आणि तिसऱ्याला ताटावर हात आडवा धरला तरी बोटांच्या फटीतून एक जिलबी पडतेच. दोघंही खूश. लहानपणापासून आपण हेच बघतो, की नको म्हणणाऱ्याला आग्रह करायचा आणि आग्रह झाल्यावर घ्यायचं. मुलींना तर वर हेही शिकवलेलं असतं की लगेच हो म्हणणं बरं दिसत नाही. असा शब्द घेऊन नवी नवरी खोलीत जाते. ती नको म्हणते आणि समोरच्याला पंगत आठवते.

आणि ती म्हणते तेही कसं? "नको ना." त्या ‘ना’नं शब्दाची धार जाते. धार ठेवली तर नवरा दुखावेल ही भीती.

मला ‘थांब’ बरा वाटतो. थांबला आग्रह करायची आपल्याकडे रीत नाही. कुणी थांब म्हटलं की पाऊल आपोआप अडतं.

भावसार काकू

अहो, चार महिने म्हणजे काहीच नाही. आमच्या वेळी ह्यांनी वर्षभर कलानं घेतलं. तुम्हीही तिच्या कलानं घ्या, हळूहळू येईल वळणावर. शब्दांवर कशाला अडायचं?

छत्रीबागेची सून

काकू, ते तिला वळणावर कसं आणायचं हे विचारत नाहीत. ती थांब म्हणते तेव्हा आपल्याला कळावं, एवढंच विचारतायत.

ग्वाल्हेरची समुपदेशक

काकूंच्या ‘कलानं घेणे’वर मला बोलायचंय, कारण माझ्याकडे येणाऱ्या जोडप्यांच्या तोंडी हा शब्द फार असतो. शब्द सुंदर आहे. कल म्हणजे मन जिकडे झुकलं आहे ती बाजू. पण हट्टी मुलाला आणि औषध न घेणाऱ्या रोग्यालाही आपण कलानंच घेतो. तिथे औषध पाजायचं हे आधीच ठरलेलं असतं, फक्त वेळ थोडा जास्त द्यायचा असतो. जवळीक अशा अर्थानं ‘कलानं’ घेतली तर समोरचीला ते कळतं. प्रत्येक मिठी ही पुढच्या पायरीची तयारी आहे असं वाटायला लागतं आणि मग ती साध्या मिठीलाही अंग चोरते. तिचा वेग मानायचा तर आज इथवरच, आणि कदाचित पुढचे सहा महिनेही इथवरच, हे खरोखर चालणार असायला हवं.

आता मूळ प्रश्न. त्या रात्री ती एकदा बोलली आणि मग हललीच नाही, हे तुम्ही लिहिलंत. त्याकडे लक्ष द्या. नकोशा स्पर्शात पुष्कळांचं शरीर गोठतं. श्वास वर अडकतो, खांदे कडक होतात, आवाज फुटत नाही. बाहेरून ती शांत बसलीय असं दिसतं. म्हणून शब्दाबरोबर एक खूणही ठरवा, तोंड उघडावं न लागणारी. तळव्यानं दोनदा थोपटणं पुरेसं आहे, अंधारातही कळतं.

आणि शब्द ठरवून भागत नाही, तो वापरून हातात बसवावा लागतो. तोही जिथे काही पणाला लागलेलं नाही अशा जागी. तिच्या डोक्याला तेल लावून द्या. मध्येच तिनं शब्द म्हणायचा आणि तुम्ही हात उचलायचा. कारण नसताना म्हणायचा, फक्त तो चालतो का हे बघायला. मग उलट करा, तिनं तेल लावायचं आणि तुम्ही थांबवायचं. पुरुषांनाही थांबावंसं वाटतं आणि त्यांना ते म्हणायची सवय आणखीच कमी असते. मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकी लैंगिकता-संशोधकांनी 1970 मध्ये जोडप्यांसाठी मांडलेल्या स्पर्शाच्या सरावाची रीतही अशीच आहे. काही दिवस संबंध ठेवायचाच नाही असं आधी कबूल करून नुसता स्पर्श. पुढे काय होणार ही टांगती तलवार नसली की माणूस स्वतःला काय आवडतं ते निदान ओळखू तरी लागतो.

एक वेगळी गोष्ट. मन तयार असूनही दुखत असेल किंवा स्नायू आपोआप आवळत असतील, तर तो वेगाचा किंवा शब्दाचा प्रश्न नाही. स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जावं, त्यावर उपचार आहेत.

रामबागेतला

‘नको’बद्दल छत्रीबागेच्या सूनबाईंचं पटलं. मी स्वतः आयुष्यभर पंगतीत वाढलंय. पण ‘थांब’मध्येही एक गोम आहे. "थांब जरा" म्हणजे थोड्या वेळानं पुन्हा सुरू. पूर्ण बंद करायला तो पुरतो का?

कोल्हापूरहून इंदुरात

दहा दिवसांनी लिहितोय. सगळं तिला वाचून दाखवलं.

आधी ‘भीड’वरून घोटाळा झाला. मी म्हटलं, "तुला माझी भीड वाटते का?" ती म्हणाली, "भीड? घरात आपण दोघंच तर आहोत." तिच्या कानावर हिंदीतली गर्दीच पडली. मग समजावलं की मन मोडवत नाही म्हणून आपण गप्प बसतो ती भीड, आणि तसं हो म्हणणं म्हणजे भिडेखातर. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "लग्नाच्या पहिल्या महिन्यात दोनतीनदा भिडेखातरच होतं." ऐकताना पोटात तुटलं. पण मी काही समर्थन केलं नाही, ऐकून घेतलं.

शब्द तिनं निवडला, ‘बस’. म्हणाली, पंगतीतला नको कुणी ऐकत नाही, पण पानीपताशेवाल्याला बस म्हटलं की त्याचा हात तिथेच थांबतो. तो का विचारत नाही, रागावतही नाही. माझ्या मराठीत बस म्हणजे खाली बस, पण जवळ असताना तो घोटाळा व्हायचं कारण नाही. काकांच्या शंकेवर तिचं उत्तर असं, की बस म्हणजे आजच्यापुरतं पुरे आणि थांब म्हणजे जरा दम घेऊ दे. तिला दोन्ही हवेत.

तेलाचा प्रयोग केला. पहिल्यांदा तिनं बस म्हटलं, मी हात उचलला, पण लगेच विचारलं, "काय झालं?" ती कारण शोधायला लागली. मग म्हणाली, "बघ, आता मला उत्तर द्यावं लागतंय." त्यानंतर मी फक्त "थांबलो" म्हणतो. चौथ्यापाचव्या वेळी ती बस म्हणाली ते अगदी चहा पुरे म्हणावं तसं, माझ्याकडे न बघता.

हात ठेवण्याआधी मीही विचारतो. "ठेवू का?" विचारलं तर तिच्या तोंडून भिडेखातर हो येतं. "हात ठेवू, की नुसतं बसूया?" असं विचारलं की ती खरंच निवडते. निम्म्या वेळा नुसतं बसतो.

एक अडलंय. थांबल्यावर मी "बरं" म्हणालो तर ती म्हणते त्यात नाराजी ऐकू येते. मला तशी जाणवत नाही.

छत्रीबागेची सून

तुमचा ‘बरं’ ऐकल्याशिवाय कसं सांगू? लांबलेला ‘बरंऽ’ कुणालाही टोचतो. पण ती कदाचित शब्दापेक्षा त्यानंतर तुम्ही काय करता ते ऐकत असेल. लगेच मोबाइल उचलता का? उठून दुसऱ्या खोलीत जाता का?

कोल्हापूरहून इंदुरात

मोबाइल उचलतो. तिला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून.

छत्रीबागेची सून

आज उचलू नका. तिथेच बसा, आधी जे बोलत होतात ते पुढे बोला. उद्या सांगा ‘बरं’ कसा ऐकू आला.